कॉलनीच्या ग्रुपवरचं कोजागिरीचं निमंत्रण: एक मेसेज ओळीओळीने सुधारताना

परभणीतल्या एका कॉलनीत कोजागिरीला दूध आणि थोडं गाणं-बजावणं ठरलं. समितीतल्या एका सदस्याने ग्रुपवर टाकण्यासाठी मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी वाचायला दिला. मेसेज असा होता:

> सर्व सभासदांना सुचना!!!
> कॉलनीत कोजागिरीनिमित्त रविवारी संध्याकाळी ७ वा. सांस्कृतीक कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित रहावे. कोणीही उशीर करू नये. ज्यांनी वर्गणी दिली नाही त्यांनी त्वरित जमा करावी (मागच्या वेळी काही जणांनी दिलीच नव्हती). महिलांनी दूध आटवण्यासाठी ६ वाजता यावं. ज्यांना कला सादर करायची आहे त्यांनी नाव द्यावे, वेळ मिळाल्यास संधी देण्यात येईल. खुर्च्या आपण आणाव्यात. मुलांनी गोंधळ घालू नये. अल्पोपहाराची व्यवस्था करण्यात येईल.
> आदेशावरून, समिती

लिहिणाऱ्याच्या मनात कुणाला दुखवायचं नव्हतं. लोकांनी यावं, एवढीच त्याची इच्छा होती. तरी वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला बोलावलेलं नसून हजेरीला उभं केलं आहे. शिवाय एवढं वाचूनही काही गोष्टी कळतच नाहीत. घरी जेवून यायचं का? खुर्ची कुणी आणायची? किती वाजता संपेल? हा मेसेज कसा सुधारला ते क्रमाने सांगतो.

लिहिण्याआधी जे ठरवायला हवं

मेसेज संदिग्ध होतो तेव्हा बहुतेक वेळा भाषेचा दोष नसतो, गोष्टच ठरलेली नसते. ‘अल्पोपहाराची व्यवस्था करण्यात येईल’ असं लिहिलं जातं, कारण पोहे करायचे की नुसतं दूध द्यायचं हे समितीत ठरलेलं नसतं. त्यामुळे लेखणी हातात घेण्याआधी समितीकडून चार-पाच उत्तरं घ्यावीत.

पहिलं उत्तर दिवसाचं. मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या संध्याकाळी आपल्या भागात पाण्याची पाळी असते, त्या संध्याकाळी घरातलं कुणी ना कुणी टाकीपाशी अडकतं, आणि बहुधा घरातली बाईच अडकते. कोजागिरीची तारीख काही आपल्या हातात नाही, पण पाळी त्याच दिवशी येत असेल तर कार्यक्रमाची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे घेता येते. ‘पाण्याची पाळी असल्याने कार्यक्रम साडेसातला सुरू करत आहोत’ हे एक वाक्य मेसेजमध्ये आलं की आपला विचार केलेला आहे हे घराघरात कळतं. कितीही वेळा ‘कृपया’ लिहिलं तरी तेवढा आदर त्यातून दिसत नाही.

दुसरं उत्तर शेवटच्या वेळेचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाउडस्पीकर लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. आपला दिवस त्यात आहे की नाही, याचा लेखी कागद हातात नसेल तर मेसेजमध्ये ‘माईक १० वाजता बंद’ असंच लिहावं. कोजागिरीला यात अडचणही नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे दहाला तो चांगला वर आलेला असतो. गाणी दहाच्या आत संपवून मग निवांत चांदण्यात दूध घेता येतं.

तिसरं उत्तर खाण्याचं: नुसतं दूध, की त्यासोबत काही. चौथं खुर्च्या-सतरंज्यांचं. आणि पाचवं, चौकशीसाठी एकच माणूस. तीन नंबर दिले की तिघंही समजतात की दुसऱ्याने उत्तर दिलं असेल.

सूचना की निमंत्रण

पहिली ओळ सगळ्या मेसेजचा सूर ठरवते. ‘सर्व सभासदांना सुचना’ ही ओळ पाणीपट्टीच्या नोटिशीला शोभते. माणसं दूध प्यायला बोलवायची असतील तर पहिल्या ओळीत नमस्कार असावा आणि लगेच प्रसंग यावा. तीन उद्गारचिन्हं काढून टाकावीत. आनंदाने लिहिलेली असली तरी वाचताना ती ओरडल्यासारखी वाटतात.

‘सभासद’ हा शब्दही इथे नको. आपल्याकडच्या कॉलन्यांमध्ये भाडेकरू पुष्कळ असतात: बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, खोली करून राहणारी विद्यापीठाची मुलं. त्यांना वाटतं की सभासद म्हणजे घरमालक, आपल्याला बोलावणं नाही. ‘कॉलनीतल्या सर्वांना’ म्हटलं की कुणी बाहेर राहत नाही. ‘बंधू-भगिनींनो’ चालतं, मात्र पुढे एखाद्याच धर्माचं किंवा समाजाचं नाव जोडू नये. शेजारी जे कुणी राहतात ते सगळे या ग्रुपवर आहेत आणि दूध सगळ्यांसाठीच आटवायचं आहे.

क्रियापदात आदर असतो

मराठीत आदर मुख्यतः क्रियापदाच्या रूपातून कळतो. ‘या’ हे रूप प्रेमाचं आणि थेट आहे, समोरासमोर ते उत्तम. ‘यावे’ थोडं औपचारिक आहे आणि एकटं आलं की अपेक्षा व्यक्त करतं. ‘उपस्थित राहावे’ हे तर सभेच्या नोटिशीत असतं तेच. ‘यावे ही विनंती’ म्हटलं की तीच अपेक्षा मऊ होते. जुन्या पत्रांत ‘येण्याचे करावे’ असं लिहीत. कोजागिरीसारख्या प्रसंगाला ते आजही फार गोड वाटतं, कारण त्यात बोलावणं आहे आणि येणाऱ्याची सवडही जपलेली आहे.

आपल्या मूळ मेसेजात ‘राहावे, करू नये, जमा करावी, यावं, द्यावे, आणाव्यात, घालू नये’ अशी आज्ञा आणि अपेक्षेची सात क्रियापदं ओळीने आली आहेत. प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर उद्धट नाही. एकामागोमाग एक आली की फर्मान तयार होतं. म्हणून माझा नियम असा: एका मेसेजमध्ये अशी रूपं दोन किंवा तीनच ठेवायची. बाकीच्या ठिकाणी माहिती सांगायची आणि काय करायचं ते वाचणाऱ्यावर सोडायचं. ‘वेळेवर उपस्थित राहावे, उशीर करू नये’ या दोन वाक्यांऐवजी ‘कार्यक्रम बरोबर साडेसातला सुरू होईल, पहिला नाच लहान मुलांचा आहे’ असं लिहिलं की कुणाला दटावावं लागत नाही. ज्यांची नातवंडं नाचणार आहेत ती मंडळी सात वाजताच पुढची जागा धरतात.

‘नये’ची वाक्यं तर शक्यतो काढूनच टाकावीत. ‘मुलांनी गोंधळ घालू नये’ हे वाचून मूल सुधारत नाही, आईवडील मात्र दुखावतात. त्याऐवजी मुलांना काम द्यावं: ‘सतरंज्या अंथरायला आणि पेले वाटायला मुलांची मदत लागणार आहे.’

‘कृपया’ एकदा पुरे. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्यातलं आर्जव निघून जातं आणि नुसता कोरडा शिष्टाचार उरतो.

आणखी एक गोष्ट. ‘राहावे, द्यावे’ आणि ‘यावं, करायचं’ ही दोन्ही रूपं मराठीच आहेत, पहिली लिखित वळणाची आणि दुसरी बोलण्याची. एकाच मेसेजमध्ये दोन्ही मिसळली की मजकूर दोघांनी तुकड्या-तुकड्यांनी लिहिल्यासारखा दिसतो. कुठलंही एक निवडावं. ग्रुपवरच्या निमंत्रणाला मी बोलीचं रूप निवडतो, कारण शेजारी शेजाऱ्याशी तसंच बोलतो.

‘आपण’ कोण?

मूळ मेसेजातलं सगळ्यात घोटाळ्याचं वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे: ‘खुर्च्या आपण आणाव्यात.’ ‘आपण’ म्हणजे आदराने म्हटलेलं ‘तुम्ही’ही होतं आणि ‘आपण सगळे मिळून’ही होतं. अर्धी कॉलनी समजते की समिती मंडपवाल्याकडून खुर्च्या आणणार, उरलेली घरून प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येते. मग बसायला जागा कमी पडते, नाहीतर खुर्च्यांचा ढीग होतो. हे टाळण्यासाठी एका मेसेजमध्ये ‘आपण’ एकाच अर्थाने वापरावं. सगळे मिळून करायच्या गोष्टीला ‘आपण’, समिती करणार असेल तिथे ‘समिती’, आणि वाचणाऱ्याने करायचं असेल तिथे ‘तुम्ही’ किंवा ‘प्रत्येक घराने’. ‘तुम्ही’ म्हटल्याने आदर कमी होत नाही.

‘-ण्यात येईल’ या रूपाची अडचण जवळपास हीच आहे. ‘व्यवस्था करण्यात येईल’ या वाक्यात करणारा माणूसच नाही. कार्यालयाच्या पत्रात ते चालतं, पण कॉलनीत त्याचा अर्थ ‘कुणीतरी करील’ असा होतो आणि आयत्या वेळी कुणीच केलेलं नसतं. ‘दूध आणि चिवडा समितीकडून आहे, जेवण मात्र घरून करून या’ असं लिहिलं की घरातला स्वयंपाकही ठरतो. ‘वेळ मिळाल्यास संधी देण्यात येईल’ हे वाक्य तर नाव देणाऱ्याचा हिरमोड करतं. तिथे सरळ हिशेब मांडावा. साडेसात ते पावणेदहा म्हणजे १३५ मिनिटं. एका सादरीकरणाला ५ मिनिटं आणि माईक हातात येईपर्यंत २ धरली तर साधारण १९ जण बसतात. स्वागताला थोडी जागा सोडून १८ नावं घ्यावीत. ‘पहिली १८ नावं, प्रत्येकाला ५ मिनिटं’ असं आधीच सांगितलेलं असलं की एकोणिसाव्या माणसाला वाईट वाटत नाही. तेराव्या कडव्यावर कुणाचा माईक काढून घेण्याची वेळही येत नाही.

वर्गणीचा कंस

‘मागच्या वेळी काही जणांनी दिलीच नव्हती.’ हा कंस सगळ्या मेसेजला नासवतो. ज्यांनी दिली होती त्यांनाही शंका येते की रोख आपल्यावर तर नाही. ज्यांनी दिली नव्हती त्यांना सगळ्यांसमोर बोललं गेल्यासारखं वाटतं आणि ते कार्यक्रमालाच येत नाहीत. न देण्यामागे काय कारण असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. सोयाबीनची काढणी होऊन पैसा हातात यायला वेळ लागला असेल, घरात दवाखाना असेल.

म्हणून निमंत्रणात वर्गणी एका वाक्यात सांगावी आणि तिथेच थांबावं. रक्कम लिहावी, ती माणशी आहे की घरटी ते लिहावं, कुणाकडे द्यायची ते लिहावं. बाकी राहिलेल्या घरांशी वेगळं बोलावं. शक्यतो दारात जाऊन बोलावं, नाहीतर खासगी मेसेज करावा: ‘ताई, कोजागिरीच्या वर्गणीची आठवण करायला लिहितोय. सवडीने द्या, आणि यायचं मात्र नक्की.’ ग्रुपवर दिलेल्यांची यादी टाकणं हेही न दिलेल्यांची यादी टाकण्यासारखंच आहे. हिशेब द्यायचा असेल तर एकूण जमा आणि एकूण खर्च द्यावा, घरांची नावं नकोत.

कामं कुणाच्या नावावर

‘महिलांनी दूध आटवण्यासाठी यावं’ हे वाक्य लिहिताना कुणालाच खटकत नाही. पण दिवसभर नोकरी करून आलेल्या, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळणाऱ्या बाईने ते वाचलं की तिला न विचारता तिच्यावर काम पडलेलं असतं. ‘दूध आटवायला पाच-सहा जण हवेत’ एवढंच लिहावं. बाई असो की बाप्या, ज्याला हौस आहे तो येतो. आपल्याकडे सप्ताहाच्या पंगतीला कढया पुरुषमंडळीच सांभाळतात, त्यात नवीन काही नाही.

याच ओघात एक शब्द सांगतो. अशा संध्याकाळी हळदीकुंकूही ठेवलं जातं आणि मेसेजमध्ये ‘सुवासिनींनी’ असं लिहिलं जातं. कॉलनीतल्या एकट्या राहिलेल्या बाईला त्या एका शब्दाने दार बंद होतं आणि ती कधी तक्रारही करत नाही. ‘सर्व महिलांनी’ लिहावं आणि प्रत्यक्षातही तसंच वागावं. कलाकारांची यादी करताना काही नावांना ‘सौ.’ आणि काहींना ‘श्रीमती’ लावण्याऐवजी सगळ्यांची नुसती नावं लिहावीत, किंवा मोठ्यांना काका-काकू, इतरांना दादा-ताई म्हणावं. कॉलनीत आपण हाका तशाच मारतो.

वार, तारीख आणि काही अक्षरं

‘रविवारी’ एवढंच पुरत नाही. मेसेज सोमवारी वाचला, दुसऱ्या ग्रुपवरून पुढे आला, तर कुठला रविवार ते कळत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहावं, म्हणजे एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून पकडता येते. २०२६ ची कोजागिरी २५ ऑक्टोबरला, रविवारी आहे. वेळ लिहिताना ‘७ वा.’ ही जमायची वेळ की सुरुवातीची, तेही स्पष्ट हवं.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर या मेसेजात चुकीच्या चारच जागा आहेत. ‘सुचना’ला सू दीर्घ: सूचना. ‘सांस्कृतीक’ला ति ऱ्हस्व: सांस्कृतिक. ‘रहावे’ नको, ‘राहावे’. नियमाने राहणे, पाहणे, वाहणे अशी रूपं घ्यायची, आज्ञार्थात मात्र ‘रहा’ही चालतं. ‘अल्पोपहार’ नको, ‘अल्पोपाहार’, कारण खाण्याचा तो उपाहार आणि भेटीचा तो उपहार. ‘दूध’ मेसेजात बरोबर आहे, तरी लक्षात ठेवावं: एकटं असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: दुधाचा, दुधात. शंका असलेला शब्द बदलून सोपा घेतला तरी चालतं. अल्पोपाहाराऐवजी ‘चिवडा’ म्हटलं की चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि लोकांना नेमकं कळतंही.

सुधारलेला मेसेज

> नमस्कार मंडळी,
> कोजागिरीनिमित्त आपण सगळे मिळून गाण्यांची आणि मसाला दुधाची संध्याकाळ करत आहोत. कॉलनीतल्या सर्वांनी घरच्यांसह नक्की यावं, ही आग्रहाची विनंती.
>
> *रविवार, २५ ऑक्टोबर*
> *जमायची वेळ ७, सुरुवात ७:३०* (पाण्याची पाळी असल्याने थोडं उशिरा)
> *जागा:* कॉलनीतलं मैदान, मारुती मंदिरासमोर
>
> सुरुवात लहान मुलांच्या नाचाने होईल. त्यानंतर भावगीतं, गवळणी, नाथांचं भारूड आणि कविता. माईक १० वाजता बंद होईल, मग चांदण्यात दूध.
>
> दूध आणि चिवडा समितीकडून आहे, जेवण घरून करून या. बिनसाखरेचं दूध वेगळं ठेवलेलं असेल. सतरंज्या समिती आणेल. ज्यांना खाली बसायला त्रास होतो त्यांच्यासाठी प्रत्येक घराने जमेल तर एक खुर्ची आणावी.
>
> ज्यांना काही सादर करायचं आहे त्यांची नावं शुक्रवार, २३ ऑक्टोबरपर्यंत घेत आहोत. पहिली १८ नावं, प्रत्येकाला ५ मिनिटं. घरून किती जण येणार तेही त्याच दिवशीपर्यंत कळवलं तर दुधाचा अंदाज येईल.
> दूध आटवायला पाच-सहा जण आणि पेले वाटायला मुलं हवी आहेत. ही मंडळी ६ वाजता जमतील.
> वर्गणी घरटी २०० रुपये, समितीच्या खजिनदारांकडे.
>
> नाव आणि आकडा कळवण्यासाठी: (एकाच व्यक्तीचं नाव आणि नंबर)
>
> आपली,
> कॉलनी समिती

आकडा मागण्याचं कारण मेसेजमध्येच दिलं आहे, त्यामुळे चौकशी केल्यासारखं वाटत नाही. तो आकडा खराच लागतो. आटण्याआधी माणशी २०० मिली धरलं तर दीडशे लोकांना ३० लिटर दूध सांगावं लागतं, आणि डेअरीवाल्याला ते दोन दिवस आधी कळवलेलं बरं.

पाठवताना

ग्रुपवर टाकण्याआधी मेसेज कॉलनीतल्या एका वयस्क माणसाला आणि एका कॉलेजच्या मुलीला वाचायला द्यावा आणि विचारावं: ‘जेवून यायचं का? खुर्ची कुणी आणायची? किती वाजता संपेल?’ उत्तर द्यायला त्यांना परत वर जाऊन शोधावं लागलं, तर ते वाक्य वर घ्यावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्द ठळक करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना चिटकून तारा द्यावा, `*रविवार*` असा. मध्ये जागा सुटली तर तारे तसेच दिसतात. ठळक फक्त दिवस, वेळ आणि जागा ठेवावी. सगळंच ठळक केलं तर नजर कुठेच ठरत नाही. पाठवल्यावर चूक दिसली तर १५ मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो, म्हणून पाठवून लगेच फोन खिशात न टाकता एकदा परत वाचावा. मग तो पिन करावा, नाहीतर शुभेच्छांच्या चित्रांखाली दोन तासांत दिसेनासा होतो.

ज्यांना बारीक अक्षरं वाचवत नाहीत त्यांच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोपही टाकावा. तिथे लिहिलेला मजकूर वाचून दाखवू नये, बोलावं: ‘काकू, काका, येत्या रविवारी, पंचवीस तारखेला कोजागिरी हाय बरं का. सात वाजता मैदानात या. जेवून या, दूध तिथंच हाय.’ लिहिताना जे वळण अवघडल्यासारखं दिसतं, तेच आवाजात आपलंसं वाटतं.

आठवण एकदाच, शनिवारी संध्याकाळी, आणि तीही दोन ओळींत: ‘उद्या, रविवारी २५ ला, साडेसात वाजता कोजागिरी. सगळा तपशील वर पिन केला आहे. वाट बघतो.’ ‘अजूनही बऱ्याच जणांनी कळवलं नाही’ असं त्यात लिहू नये. न कळवता येणारी घरं नेहमीच असतात, त्यांच्यासाठी चार-पाच लिटर दूध जास्त सांगून ठेवावं.

वेळ किंवा जागा बदलली तर ‘वेळ बदलली आहे, नोंद घ्यावी’ असा तुकडा टाकून भागत नाही. जुना मेसेज डिलीट होत असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करावा, नाहीतर निदान त्याचा पिन काढावा. पूर्ण मेसेज नव्या वेळेसह परत टाकावा, पहिल्या ओळीत ‘वेळेत बदल: आता ८ वाजता’ असं लिहावं आणि बदलाचं कारण एका वाक्यात द्यावं. ज्यांनी जुना मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवला असेल त्यांना नवाही पाठवायला सांगावं.